टाकीच्या पाण्यात करंट उतरू नये म्हणून

विरारमध्ये नळाचे पाणी ठरावीक वेळी येते आणि ते कमी पडले की टँकर मागवावा लागतो. त्यामुळे बहुतेक इमारतींत जमिनीखाली एक टाकी असते, गच्चीवर एक, आणि दोन्हींच्या मध्ये जिन्याखाली पंप. वरची टाकी भरून वाहू नये आणि खालची आटल्यावर पंप कोरडा फिरू नये, म्हणून हल्ली बऱ्याच सोसायट्यांत कोणीतरी हौशी सभासद स्वतःच एक स्वयंचलित बोर्ड जुळवतो. लोखंडी पेटी, त्यात एमसीबी, कॉन्टॅक्टर, बारा व्होल्टचा एसएमपीएस, एक रिले आणि दोन्ही टाक्यांतून आलेल्या फ्लोटच्या वायरी. सामान बाजारात सहज मिळते आणि बोर्ड पहिल्याच दिवशी चालतोही. पण चालणारा बोर्ड सुरक्षित असतोच असे नाही, आणि त्यातला दोष दिसायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. हा लेख अशाच एका बोर्डाबद्दल आहे: सिंगल फेज, एक अश्वशक्तीचा पंप, दोन फ्लोट स्विच, लोखंडी पेटी.

आधी एक मर्यादा सांगतो. पेटी टेबलावर जुळवणे, आतली मांडणी करणे, वायरी ओढणे हे काम समजून-उमजून करणाऱ्या माणसाला जमते. पण ती सोसायटीच्या मीटरकडून येणाऱ्या लाइनला जोडणे, अर्थिंगचा खड्डा तपासणे आणि पहिल्यांदा चालू करणे हे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचे. तो आला की काय पाहायचे आणि त्याला काय विचारायचे, हेही पुढे येईल.

या बोर्डात खरा धोका कुठे आहे? "फ्लोटला बाराच व्होल्ट जातात, त्याने काय होणार?" असे सगळेच म्हणतात. बारा व्होल्टने काही होत नाही, हे खरे. पण त्या बारा व्होल्टच्या वायरी पेटीत दोनशे तीस व्होल्टच्या शेजारी नांदतात आणि त्यांचे दुसरे टोक पाण्यात असते. पेटीत कुठेतरी फेजची वायर सुटून फ्लोटच्या स्क्रूला टेकली आणि वर टाकीत फ्लोटच्या वायरीचे आवरण चिरलेले असले, की टाकीचे पाणी जिवंत होते. प्लास्टिकच्या टाकीतून जमिनीकडे वाट नसते, म्हणून फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही, आणि पंपही चालू राहू शकतो.

नळाखाली उभ्या असलेल्या माणसाला यात मोठा झटका बसेलच असे नाही. सीपीव्हीसी पाइप वीज वाहून नेत नाही आणि त्यातला दहा-बारा मीटर लांब, बारीक पाण्याचा स्तंभ करंटला बराच अडवतो. बोअरच्या खारट पाण्यात तो कमी अडवतो, तरी अडवतोच. जुनी जीआय पाइपलाइन असेल तर मात्र हे लागू नाही. खरा बळी जाऊ शकतो तो टाकी साफ करायला उतरलेल्या कामगाराचा. त्याचे पाय पाण्यात असतात, हात ओल्या सिमेंटच्या कठड्यावर. टाकी साफ करताना पंपाचा स्विच बंद करतात, पण बारा व्होल्टचा भाग चालूच राहतो, कारण त्याला कोणी वीज समजतच नाही. पेटीत दोन्ही भाग वेगळे ठेवायचे ते या माणसासाठी.

आता अर्थिंग. लोखंडी पेटीला अर्थ करायचे म्हणजे हिरवी वायर कुठल्यातरी स्क्रूखाली दाबायची, अशी पद्धत पडली आहे. त्याऐवजी पेटीच्या आत, तळाशी, अर्थसाठी वेगळा सहा किंवा आठ मिलिमीटरचा स्टड ठेवा. पेटी भिंतीला ज्या बोल्टने बसते तो किंवा एसएमपीएसचा स्क्रू यासाठी वापरू नका. उद्या कोणी पेटी हलवायला किंवा एसएमपीएस बदलायला तो सोडला तर अर्थही सुटतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. स्टडभोवतीचा पावडर कोटिंगचा रंग नाण्याएवढ्या गोलात खरवडून उघडा पत्रा दिसला पाहिजे, कारण पावडर कोटिंग चांगले इन्सुलेटर असते. त्यावर दातेरी वॉशर, मग गोल लग, पुन्हा वॉशर, नट, आणि ढिला होऊ नये म्हणून वर दुसरा नट. लग वायरीवर क्रिंपिंगच्या पक्कडीनेच दाबा. दाताने तार सोलून, पीळ देऊन स्क्रूखाली गुंडाळलेली जोडणी सहा महिने टिकते.

अर्नाळ्याचा समुद्र जवळ आणि वर्षातले चार महिने भिंतींना ओल, त्यामुळे विरारमध्ये साध्या लोखंडी स्टडवर आतून गंज धरतो. वरून नट घट्ट दिसतो आणि लगच्या खाली तपकिरी पापुद्रा असतो. स्टड आणि नट पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. खरवडलेल्या पत्र्यावर जोडणी आवळून झाल्यावर बाहेरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या.

या एका स्टडला प्रत्येक भाग स्वतंत्र वायरीने जोडायचा: येणारी अर्थ वायर, पंपाच्या बॉडीला जाणारी अर्थ वायर, एसएमपीएसचे अर्थ टर्मिनल, कॉन्टॅक्टर ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी, आणि दार. दाराकडे जवळपास सगळेच दुर्लक्ष करतात. बिजागऱ्यांतून दाराला अर्थ मिळतो असे वाटते, पण बिजागरीत रंग असतो, ग्रीस असते, आणि काही वर्षांनी गंज. दारावर पुश बटन किंवा इंडिकेटर असेल, म्हणजे दारापर्यंत दोनशे तीस व्होल्टची वायर जात असेल, तर दाराला स्वतःचा स्टड आणि तिथून पेटीच्या स्टडपर्यंत लवचिक, बहुतारी हिरवी वायर हवीच. दार पूर्ण उघडले तरी ती ताणली जाऊ नये एवढी ढील ठेवा. फेजची वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची असेल तर अर्थचीही तेवढीच. अर्थची वायर बारीक ठेवून वाचणारे पैसे नगण्य असतात.

न्यूट्रल आणि अर्थ पेटीत कधीही एकत्र जोडू नका. अर्थ मिळत नाही म्हणून न्यूट्रलवरूनच अर्थ 'काढणारे' वायरमन आजही भेटतात. तशा जोडणीत रस्त्यावरच्या लाइनचा न्यूट्रल तुटला, की इमारतीतल्या दिव्या-पंख्यांतून फेज न्यूट्रलवर येतो आणि थेट तुमच्या पेटीच्या पत्र्यावर बसतो. पाण्याच्या पाइपलाही अर्थ समजू नका. जिन्याखाली दिसणारा लोखंडी तुकडा पुढे प्लास्टिकला जोडलेला असतो.

अर्थ चांगले केले तर झटक्याची भीती गेली, असा समज आहे. तो अर्धा खरा आहे, आणि अर्धा का, हे एका हिशेबाने समजेल. समजा तुमच्या सोसायटीच्या अर्थच्या खड्ड्याचा रोध 5 ओहम आहे आणि महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थचा 2 ओहम. पेटीत फेज पत्र्याला टेकला. करंट पत्र्यातून तुमच्या खड्ड्यात, तिथून जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे जाईल. एकूण रोध 7 ओहम, म्हणून करंट 230 ÷ 7, म्हणजे सुमारे 33 अँपिअर. पेटीत 16 अँपिअरचा सी टाइप एमसीबी आहे. त्याला तत्काळ पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. 33 अँपिअरला तो तापून पडेल, पण त्याला कित्येक सेकंद, कधी मिनिटभरही लागेल. तोवर पेटीवर किती व्होल्ट असतील? 33 × 5, म्हणजे सुमारे 165. अर्थिंग आहे, चांगले आहे, आणि तरीही पेटीला हात लावणारा वाचेल याची खात्री नाही.

म्हणून पेटीत किंवा तिच्या आधी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. तो फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांची तुलना करतो, आणि 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की 0.3 सेकंदाच्या आत लाइन तोडतो. फरक मोठा असला तर त्याहूनही लवकर. वरच्या उदाहरणात 33 अँपिअर पूर्णपणे जमिनीतून जात आहेत, म्हणजे तो लगेच पडेल. खड्डा बिघडून त्याचा रोध 5 ऐवजी 100 ओहम झाला तरी 2 अँपिअरच्या वर करंट जमिनीत जाईल आणि आरसीसीबी पडेल. एमसीबीला त्या वेळी काही कळणारही नाही. एसएमपीएससारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणे असलेल्या बोर्डाला 'ए' टाइपचा आरसीसीबी घ्यावा, कारण 'एसी' टाइपचा तुकड्या-तुकड्याने एकाच दिशेला वाहणारी गळती ओळखेलच असे नाही. आणि आरसीसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट सांभाळत नाही, त्यामुळे एमसीबी वेगळा लागतोच.

आरसीसीबीवरचे टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबा. पण ते काय सांगते आणि काय नाही, हे लक्षात ठेवा. ते बटन आतल्या एका रोधातून कृत्रिम फरक निर्माण करते. यंत्रणा अडकलेली नाही एवढेच त्यातून कळते. अर्थची वायर पूर्ण तुटलेली असली तरी बटन दाबल्यावर आरसीसीबी पडतो. बटनाने अर्थची परीक्षा होत नाही.

आता पेटीच्या आतल्या वाटणीकडे येऊ. माझे मत असे, की मांडणीचा आराखडा कागदावर काढण्याआधी एकच प्रश्न प्रत्येक स्क्रूला विचारावा: हा ढिला होऊन वायर निसटली, तर तिचे टोक कुठे पडेल? कॉन्टॅक्टर दर वेळी ओढला जाताना आपटतो, दिवसात अनेकदा. त्या धक्क्यांनी कॉइलच्या टर्मिनलचा स्क्रू काही वर्षांत सैल होतो. आत वाकवून दाबलेली ताठ तांब्याची वायर सुटली की स्प्रिंगसारखी उसळते आणि दोन-तीन इंचांच्या परिघात कुठेही टेकते. त्या परिघात फ्लोटचे टर्मिनल असता कामा नये.

यासाठी पेटीचे दोन भाग करा. डावीकडे एमसीबी, आरसीसीबी, कॉन्टॅक्टर आणि पंपाची टर्मिनले. उजवीकडे बारा व्होल्टची टर्मिनले आणि असल्यास कंट्रोलर बोर्ड. मध्ये उभी, तळपत्र्यापासून दारापर्यंत पोहोचणारी पट्टी. तीन मिलिमीटरची हायलम शीट चांगली. अॅक्रिलिक नको, ते पेट घेते. पत्र्याची पट्टी चालेल, पण मग तिलाही अर्थ करा. फ्लोटच्या वायरी पेटीत वेगळ्या ग्लँडमधून, उजव्या बाजूनेच आल्या पाहिजेत. एकाच भोकातून पंपाची केबल आणि फ्लोटची वायर आत घेतली, तर आत कितीही भिंती घातल्या तरी त्या व्यर्थ. भिंतीवरच्या पाइपातही दोन्ही एकत्र नेऊ नका. गच्चीपर्यंतच्या पंचवीस-तीस फुटांत एकाच कंड्युटमध्ये ओढताना एखादी वायर सोलली जाणे ही रोजची गोष्ट आहे.

दोन्ही बाजूंना वायर टर्मिनलच्या अगदी जवळ, स्क्रूपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, शेजारच्या वायरीला टायने बांधा. म्हणजे एकीचा स्क्रू सुटला तरी शेजारणी तिला जागेवर धरून ठेवतात. बहुतारी वायरीच्या टोकाला पिन लग लावा. निसटलेला एक केसाएवढा तार-तुकडाही फेज पलीकडे नेऊ शकतो. आणि बारा व्होल्टलाही रिबनसारख्या पातळ जंपर वायरी वापरू नका. एकाच पेटीत राहणाऱ्या सगळ्या वायरींचे आवरण त्या पेटीतल्या सर्वांत जास्त व्होल्टेजला पुरेल असे हवे. घरच्या वायरिंगची 1100 व्होल्ट ग्रेडची पाऊण एमएमची वायर फ्लोटच्या टर्मिनलपर्यंत वापरली की हे आपोआप साधते. तिचा रंग मात्र लाल, पिवळा, निळा, काळा किंवा हिरवा नको. राखाडी किंवा नारिंगी घ्या आणि त्या रंगाची वायर डाव्या भागात दिसली की चूक समजा.

दोन भाग भेटतात ते फक्त दोन ठिकाणी: एसएमपीएस आणि रिले. जाळीच्या पत्र्याच्या स्वस्त एसएमपीएसमध्ये फेज, न्यूट्रल, अर्थ आणि बारा व्होल्टची टर्मिनले एकाच पट्टीवर ओळीने असतात. अर्थचे टर्मिनल मध्ये येते, तिथेच मधली भिंत पडेल असा तो बसवा आणि टर्मिनलवरचे प्लास्टिकचे झाकण काढून फेकू नका. यापेक्षा पट्टीवर बसणारा, एका टोकाला दोनशे तीस आणि दुसऱ्या टोकाला बारा व्होल्ट असा एसएमपीएस थोडा महाग पडतो, पण मी तोच घेईन. मोबाइलचा चार्जर उघडून त्याचा बोर्ड पेटीत चिकटवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत नको.

रिलेचेही तसेच. निळ्या चौकोनी रिलेची छोटी मॉड्यूल हौशी लोकांची आवडती आहेत. मॉड्यूल उलटे करून पाहा: फेज येणाऱ्या कॉन्टॅक्टचे डाक आणि कॉइलचे डाक यांच्यात किती अंतर आहे? चांगल्या बोर्डात तिथे चीर कापलेली असते. मी 8 मिलिमीटरपेक्षा कमी अंतर असलेला बोर्ड या कामाला घेणार नाही. कोरड्या खोलीत कमी अंतरही चालून जाते, पण विरारच्या दमट हवेत बोर्डावर खारट धूळ बसते, ती पाणी शोषते आणि डाकांमध्ये वाट तयार करते. अशा बोर्डावर आधी काळसर रेघ उमटते, आणि ती दिसली की बोर्ड बदलायचा. मॉड्यूलवर ऑप्टोकप्लर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. पुरवठ्याचा जंपर तसाच लावलेला असेल तर ऑप्टोच्या दोन्ही बाजू एकच पुरवठा वापरतात आणि तो असून नसल्यासारखा होतो. सर्वांत सरळ उपाय म्हणजे सॉकेटमध्ये बसणारा इंटरफेस रिले, ज्याच्या कॉइलची टर्मिनले एका टोकाला आणि कॉन्टॅक्टची दुसऱ्या टोकाला असतात. तो मधल्या भिंतीच्या खाचेत आडवा बसवा. त्याने पंप थेट चालवायचा नाही. फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची.

राहिला एक प्रश्न, ज्यावर जाणकारांतही दोन मते आहेत: बारा व्होल्टचा मायनस अर्थला जोडावा की नाही? न जोडला तर पेटीचा अर्थ बिघडल्यास त्याचा दोष फ्लोटकडे जात नाही. पण मग फेज बारा व्होल्टच्या बाजूला टेकला तर कोणालाच कळत नाही, टाकीतला माणूस सोडून. जोडला तर तोच दोष लगेच जमिनीत करंट ढकलतो आणि आरसीसीबी पडतो. पाण्यात जाणाऱ्या वायरींसाठी मी मायनस अर्थ स्टडला एकाच जागी जोडणे पसंत करतो, पण दोन अटींवर: 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी चालू स्थितीत असला पाहिजे आणि अर्थचा खड्डा यंत्राने मोजलेला असला पाहिजे. या दोन्हींपैकी एक जरी नसेल तर बोर्डच चालू करू नये, मग मायनसचा वाद कशाला? फ्लोटही बंद, केबलसह घडवलेलेच घ्या. पाण्यात उघड्या सळ्या सोडणारे सेन्सर नको.

तपासणी बोर्ड बंद ठेवून, लाइनपासून पूर्ण तोडून सुरू करा. मल्टिमीटरची दोन्ही टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहून ठेवा, तो त्या वायरींचाच रोध. मग स्टडपासून दार, कॉन्टॅक्टरची पट्टी, एसएमपीएसची बॉडी, पंपाची बॉडी अशी प्रत्येक जागा मोजा. लिहिलेला आकडा वजा केल्यावर काही दशांश ओहमच राहायला हवे. त्यानंतर प्रत्येक वायर हाताने ओढून पाहा, कारण एका तारेवर लटकलेली जोडणीही मल्टिमीटरला ठीक दिसते. पुढचे काम वायरमनच्या मेगरचे: एसएमपीएस, कंट्रोलर आणि आरसीसीबी सोडवून, फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी आणि मग बारा व्होल्टच्या वायरींशी, 500 व्होल्टवर. मायनसची अर्थशी असलेली जोडणी त्या वेळी काढलेली हवी. आकडा किमान एक मेगाओहम हवा, आणि नव्या बोर्डात तो त्याच्या कितीतरी पट येतो.

लाइन चालू झाल्यावर फेज ते न्यूट्रल सुमारे 230, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट असे दिसले पाहिजे. पण फेज ते अर्थ 230 दिसले म्हणून अर्थ पास झाले असे समजू नका. मल्टिमीटर इतका कमी करंट घेतो की हजार ओहमचा गंजका खड्डाही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवतो. खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरनेच, जमिनीत सळ्या ठोकून मोजायचा. वायरमनकडे तो नसेल तर आणायला सांगा.

पुढे कधी पेटीला हात लागल्यावर बोटांना झिणझिण्या आल्या किंवा टेस्टर मंद पेटला, तर त्याचा अर्थ बहुधा एकच: अर्थ सुटला आहे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोघांकडून बॉडीकडे बारीक कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ जागेवर असताना त्यांचा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थ तुटला की बॉडी मधल्या व्होल्टेजवर, म्हणजे सुमारे 115 वर तरंगते. तो झटका मिलिअँपिअरपेक्षाही कमी असतो आणि आरसीसीबी त्याला जुमानत नाही. त्याच वेळी लाइन बंद करून स्टडपासून मागे मागे वायर तपासत जा.

पेटी जमिनीपासून निदान चार फूट वर लावा. 2018 च्या जुलैत वसई-विरार पाण्यात बुडाले होते, तेव्हा तळमजल्यावर पाणी कुठवर चढले हे इमारतीतल्या जुन्या रहिवाशांना आठवत असेल; त्यांना विचारून त्या खुणेच्याही वर. ग्लँड पेटीच्या तळाकडून घ्या, वरून नको, म्हणजे भिंतीवरून उतरणारे पाणी वायरीबरोबर आत येणार नाही. दाराच्या आतल्या बाजूला जोडणीचा नकाशा चिकटवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: 'टाकीत उतरण्यापूर्वी मुख्य एमसीबी बंद करून कुलूप लावा.' एमसीबीला लावायचे छोटे कुलूप-क्लिप बाजारात मिळते. त्याची किल्ली टाकी साफ होईपर्यंत टाकीत उतरणाऱ्याच्याच खिशात राहू द्या.